प्रसंग आणि पोशाखानुसार सुगंधाची निवड

दिवसाच्या व संध्याकाळच्या कार्यक्रमांना आणि अंगावरच्या कपड्यांना साजेसे परफ्यूम निवडण्याची, तसेच ते किती आणि कुठे लावायचे हे ठरवण्याची पद्धत. ‘दिवसा हलका, रात्री गडद’ हा तिचा सर्वांत परिचित संकेत. तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो, पण घड्याळामुळे नव्हे. सुगंध किती वेगाने हवेत मिसळतो, तो कपड्यात किती काळ अडकून राहतो आणि शेजारच्या माणसाला त्यापासून दूर सरकता येते की नाही, या तीन गोष्टींवर निवड अवलंबून असते.

परफ्यूममधील घटक सारख्या वेगाने उडत नाहीत. लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांचे रेणू लहान व चटकन उडणारे असतात. त्यांचा ताजेपणा साधारण अर्ध्या तासात ओसरतो. गुलाब, मोगरा अशा फुलांचा मधला थर काही तास टिकतो. चंदन, व्हॅनिला, ऊद, कस्तुरीसारखे कृत्रिम गंध हे तळाचे घटक सावकाश उडतात आणि कापडावर दुसऱ्या दिवशीही जाणवतात. दिवसाचे म्हणून ओळखले जाणारे सुगंध पहिल्या थरावर भर देतात. फारिना कुटुंबाने १७०९ मध्ये कोलोन शहरात व्यवसाय सुरू केला आणि योहान मारिया फारिना याचे लिंबूवर्गीय सुगंधी पाणी ‘ओ द कोलोन’ या नावाने प्रसिद्ध झाले. हलक्या सुगंधाचा नमुना म्हणून आजही त्याकडेच बोट दाखवले जाते.

मात्र बाटलीतून पहिल्यांदा येणाऱ्या वासावरून परफ्यूम दिवसाचे की रात्रीचे हे ठरवणे धोक्याचे आहे. गेर्लँ कंपनीचे १९२५ चे ‘शालिमार’ याचे चांगले उदाहरण आहे. त्यात बर्गमॉटचा वाटा मोठा, त्यामुळे सुरुवात लख्ख आणि ताजी. पण तळाशी एथिल व्हॅनिलिनचा जड गोडवा. दुकानात कागदाच्या पट्टीवर पाच मिनिटे हुंगणारा त्याला सकाळचे समजू शकतो, आणि दोन तासांनी बंद खोलीत त्याच्याजवळ बसलेल्यांना वेगळेच काही सोसावे लागते. म्हणून नवे परफ्यूम मनगटावर लावून किमान दोन तासांनी पुन्हा हुंगावे. प्रसंगात खरोखर वावरणार असतो तो हा नंतरचा वास.

उष्णता वाढली की सगळेच घटक लवकर उडतात. गरम हवेत तळाचे गोड, राळेसारखे घटक एकदम अंगावर आल्यासारखे वाटतात. थंड हवेत तेच परफ्यूम आटोपशीर राहते, उलट लिंबाचा हलका वास थंडीत जेमतेम पोहोचतो. संध्याकाळी हवा निवलेली असते, कार्यक्रम थोड्या तासांचा असतो आणि माणसे हिंडतीफिरती असतात, म्हणून गडद सुगंध तिथे खपतो. यावरून संकेताची मर्यादाही कळते. थंडीतल्या उघड्यावरच्या सकाळच्या समारंभात चंदन किंवा मसालेदार सुगंध बेताने लावला तर शोभून दिसतो. पण रात्री नऊचा कार्यक्रम खचाखच भरलेल्या, उकडणाऱ्या सभागृहात असेल तर नाकाच्या हिशेबाने ती दुपारच समजावी.

हलका सुगंध शहाणपणाचा ठरतो तो मुख्यतः जिथे इतरांना उठून जाता येत नाही तिथे: विमान, मोटार, परीक्षेचा हॉल, नाट्यगृहातली रांग, मुलाखतीची छोटी खोली. रुग्णालयात आणि दम्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्यांच्या सहवासात तर काहीच न लावणे उत्तम. जेवणाच्या टेबलाचे कारण वेगळे आहे. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. शेजाऱ्याच्या मनगटावरचा निशिगंध आपल्या ताटातल्या पदार्थात मिसळतो. वाइन किंवा चहाच्या चाचणीला परफ्यूम न लावण्याचा शिष्टाचार याच कारणाने आहे.

‘हलका’ या शब्दाने बरीच फसगत होते. बाटलीवरची ओ द कोलोन, ओ द तोआलेत, ओ द परफ्यूम ही नावे सुगंधी घटकांचे प्रमाण ढोबळमानाने सांगतात. कोलोनमध्ये ते २ ते ५ टक्के, तोआलेतमध्ये ५ ते १५ टक्के आणि ओ द परफ्यूममध्ये १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असते, पण कंपनीगणिक हे आकडे बदलतात. शिवाय प्रमाण जास्त म्हणजे दरवळ जास्त, असे समीकरण नाही. तेलात बनवलेले अत्तर घट्ट असूनही त्वचेला बिलगून राहते, तर काही पातळ, पारदर्शक वाटणारे सुगंध लांबवर जातात. हेडिओन या चमेलीसारख्या हवेशीर रेणूचा ठळक वापर ‘ओ सोवाज’ (१९६६) मध्ये झाला आणि ताजा तरीही पसरणारा सुगंध रूढ झाला. असा ‘हलका’ सुगंध आठ वेळा फवारला तर तो दोन फवाऱ्यांच्या गडद सुगंधापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो.

त्यात लावणाऱ्याचे नाक भरवशाचे नसते. सतत येणाऱ्या वासाला नाक काही मिनिटांतच सरावते, आणि काही माणसांना विशिष्ट कस्तुरीगंध जन्मतःच जाणवत नाहीत. ‘वास उडाला’ असे वाटून पुन्हा फवारणे ही सर्वांत नेहमीची चूक इथूनच होते. खात्री करायची असेल तर काही वेळ मोकळ्या हवेत जाऊन यावे आणि मग कपड्याची बाही हुंगावी, किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावे. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाला पुसट जाणवले तर कार्यालयासाठी तेवढे पुष्कळ. खोलीत शिरताच जाणवले तर जास्त झाले.

पोशाखाशी जुळवणे म्हणजे रंगाशी रंग जुळवणे, असे सांगितले जाते: पांढऱ्याला लिंबू, काळ्याला ऊद. यात दृष्टीचे सुख असेल, पण कापडाचा प्रकार रंगापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. लोकर वास धरून ठेवते आणि सावकाश सोडते, म्हणून लोकरीच्या कोटावर कमी लावूनही संध्याकाळ निभते. सुती कपडे मध्यम टिकाव देतात आणि धुतल्यावर बव्हंशी मोकळे होतात. पॉलिस्टर तेलकट रेणूंना जवळ करते; त्यात घामाचा वास मिसळला की धुऊनही दोन्ही पुरते जात नाहीत, म्हणून व्यायामाच्या किंवा घामाच्या दिवशी त्यावर परफ्यूम मारू नये. रेशमावर तर थेट फवारूच नये. अल्कोहोलने आणि तेलाने त्यावर कडा उठून दिसणारा डाग पडतो, तो बहुधा जात नाही.

फिक्या कपड्यांचा आणखी एक शत्रू म्हणजे व्हॅनिलिन. हवा आणि प्रकाश लागून ते हळूहळू तपकिरी होते, त्यामुळे गोड, व्हॅनिलाप्रधान परफ्यूमचा पांढऱ्या कॉलरवर त्या दिवशी काहीच डाग दिसत नाही आणि काही आठवड्यांनी कपाट उघडल्यावर पिवळट ठिपके दिसतात. शंका असेल तर आतल्या शिवणीवर एक फवारा मारून काही दिवस उजेडात ठेवून पाहावे. मोत्यांनाही अल्कोहोल आणि सुगंधी तेले सोसत नाहीत, त्यांची झळाळी मंदावते. आधी परफ्यूम, ते पूर्ण वाळल्यावर मोती, हा क्रम पाळावा.

दिवसाच्या कार्यक्रमात उघडा गळा किंवा बिनबाह्यांचा पोशाख असेल तर उन्हाचाही विचार करावा लागतो. बर्गमॉटच्या कच्च्या तेलातील बर्गॅप्टेन ऊन लागले की त्वचेला भाजल्यासारखे करते आणि मागे काळपट ओघळासारखे डाग राहतात. मोठ्या उत्पादकांवर याबाबत मर्यादा आहेत आणि ते बहुधा बर्गॅप्टेन काढलेले तेल वापरतात, पण घरगुती किंवा ‘संपूर्ण नैसर्गिक’ मिश्रणात ते असू शकते. अशा वेळी सुगंध कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या त्वचेवर लावावा.

एकाच दिवसात दोन्ही प्रसंग आले की हे सारे एकत्र करून पाहावे लागते. समजा, सकाळी नऊपासून बंद खोलीत बैठक आहे, अंगात सुती शर्ट; आणि रात्री आठला मोकळ्या गच्चीवर भोजन, तेव्हा वर लोकरीचा कोट चढणार आहे. सकाळी साडेसात–आठला, शर्ट घालण्यापूर्वी, छातीवर लिंबूवर्गीय तोआलेतचे दोन फवारे पंधरा-वीस सेंटिमीटरवरून मारावेत आणि वाळू द्यावेत. बैठक सुरू होईपर्यंत पहिला झोत संपलेला असतो, आणि कपड्याखालून येणारी ऊब उरलेला वास मंद गतीने सोडते. दुपारी तो विरला तर विरू द्यावा. संध्याकाळी गडद सुगंध त्याच्यावर चढवू नये. आधी साबणाने धुवावे, शर्ट बदलावा आणि मग सातच्या सुमारास तळात चंदन असलेल्या सुगंधाचा एक फवारा छातीवर, एक मानेच्या मागे. जेवणाच्या टेबलावर मनगटे ताटाजवळ येतात, म्हणून ती कोरडी ठेवलेली बरी. आठपर्यंत अल्कोहोल आणि सुरुवातीचा तीव्रपणा गेलेला असतो.

या आराखड्यात नेहमी बिनसते ते कोटामुळे. मागच्या समारंभातला ऊद त्याच्या कॉलरमध्ये आणि अस्तरात अजून असतो, आणि त्यावर चंदन आले की तिसराच, गढूळ वास तयार होतो. त्यामुळे कोट आदल्या रात्री उघड्या हवेत टांगावा आणि सकाळी कॉलर हुंगून पाहावी. जुना वास ठळक असेल तर त्या संध्याकाळी नवे काही लावण्याची गरज नाही, कोटातला सुगंध पुरतो. अनेकांना हे पटत नाही, पण नवा सुगंध लावायचाच हट्ट असेल तर कोट बदलणे जास्त सोपे आहे.

एवढे करूनही जास्त झालेच, तर नुसत्या पाण्याने फारसा फरक पडत नाही, कारण टिकून राहणारे घटक तेलात विरघळणारे असतात. त्वचेवर बिनवासाचे तेल किंवा क्रीम चोळून पुसावे आणि मग साबण लावावा. हाताशी असेल तर अल्कोहोलने भिजवलेला कापूसही चालतो. कपड्यावर पडले असेल तर तो बदलणे हाच खात्रीचा इलाज. दुसरा सुगंध मारून पहिला झाकण्याचा प्रयत्न केला तर दोन्ही एकदम वाढतात.