बिनफुलाचे मोहर : रस्त्यावरच्या फोटोवरून ओळख

गुलमोहर, सोनमोहर (पीतमोहर) आणि नीलमोहर ही झाडे फुलांवर असताना कोणीही ओळखतो. फुले नसताना मात्र तिन्हींची बारीक पर्णिकांची, पिसासारखी पाने फोटोत सारखीच दिसतात आणि तिन्हींना सरसकट गुलमोहर म्हटले जाते. नीलमोहर तर त्या दोघांच्या कुळातलाही नाही. तो टेटूच्या कुळातला.

सालीचा उपयोग येथे कमीच. तिन्हींची साल करडी असते, आणि सांगली-साताऱ्याकडे रस्त्याकडेच्या झाडांचे बुंधे पुष्कळदा छातीइतक्या उंचीपर्यंत गेरू-चुन्याने रंगवलेले असतात. रंगाच्या पट्ट्याच्या वर काळपट, उभ्या भेगांची खडबडीत साल दिसली तर ते झाड बहुधा या तिघांपैकी नसून वर्षावृक्ष, म्हणजे रेन ट्री असते.

पानांची मांडणी अधिक भरवशाची. नीलमोहराची पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, पर्णिका टोकदार असतात आणि टोकाची एक बाकीच्यांहून मोठी असते. गुलमोहर व सोनमोहराची पाने एकाआड एक लागतात, पर्णिका बोथट असतात. या दोघांना पानांवरून वेगळे करणे अवघड. सोनमोहराच्या कोवळ्या डहाळ्यांवर तांबूस लव असते, पण ती जवळच्या फोटोतच कळते.

तेथे फळ निकाल देते. गुलमोहराची शेंग कठीण, चपटी, बहुधा 30 ते 60 सेंमी लांब असते आणि खाली लोंबते. सोनमोहराची जेमतेम बोटभर, पातळ, दोन्ही टोकांना निमुळती. तिचे तांबूस घोस पानांच्या वर उभे राहतात. नीलमोहराचे फळ चपट्या गोल डबीसारखे असते.

समजा, सांगलीच्या विश्रामबागेतला डिसेंबरमधला एक फोटो आहे. बुंधा रंगवलेला, पाने गुलमोहरासारखी, फुले नाहीत. फोटो मोठा करून पाहिल्यावर शेंड्यावर गंजल्यासारखा रंग दिसतो. वाळलेली पाने असावीत असे प्रथम वाटते, पण वाळकी पाने झुबक्याने वर उभी राहत नाहीत. फोटोत मोजपट्टी नसते, म्हणून शेंगेची तुलना शेजारच्या पानाशी करावी. येथे एका पानाच्या लांबीत चार-पाच शेंगा मावतात, म्हणजे हा सोनमोहर. गुलमोहराची शेंग पानाच्या बरोबरीला येते.

शेंगा दिसत नसतील आणि पाने एकाआड एक असतील, तर नोंद ‘गुलमोहर किंवा सोनमोहर’ एवढीच करावी. विजेच्या तारांखाली छाटलेल्या झाडाबाबत आणखी जपावे लागते: नव्या फुटव्यांची पाने नेहमीपेक्षा बरीच मोठी येतात, त्यामुळे पानाशी केलेली वरची तुलना अशा झाडाला लावता येत नाही.