गुलाब काढून कमळ बसवताना

लग्नपत्रिकेच्या किनारीत गुलाबाची ओळ आहे आणि तिथे कमळ हवं आहे. बाकी काही बदलायचं नाही: तीच चौकट, तीच वेल, तोच सोनेरी रंग, तीच मोकळीक. काम सोपं वाटतं, म्हणून बहुतेक जण गुलाबाच्या रुंदीएवढं कमळ करून एकेक चिकटवत जातात. झाल्यावर मात्र किनार विरळ दिसते, नाहीतर दाटीवाटीची. मोजपट्टी लावली तर प्रत्येक कमळ जागच्या जागी असतं. तरी डोळ्याला खटकतंच, कारण डोळा आकृतीची रुंदी मोजत बसत नाही. गडद आणि फिकट भाग कसा वाटला गेला आहे, हे त्याला आधी दिसतं.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पत्रिका 5 इंच रुंद आणि 7 इंच उंच, चित्र 300 डीपीआयचं, म्हणजे 1500 गुणिले 2100 पिक्सेल. चारही कोपऱ्यांत 150 पिक्सेलचा चौरस तुकडा आहे. तो सोडला तर वरच्या पट्टीला 1200 पिक्सेल उरतात आणि तिथे 8 गुलाब आहेत. बाजूच्या पट्टीत 1800 पिक्सेल आणि 12 गुलाब. एका गुलाबाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत 150 पिक्सेल. या अंतराला आपण टप्पा म्हणू. गुलाब ज्या चौकोनात मावतो तो 96 गुणिले 96 चा, त्यामुळे दोन गुलाबांमध्ये 54 पिक्सेल मोकळे.

टप्पा मोजताना शेजारचे दोन गुलाब घेऊ नयेत. पहिल्यापासून आठव्यापर्यंतचं अंतर घ्यावं आणि 7 ने भागावं. इथे 1050 भागिले 7, बरोबर 150 आले. पण चित्र कुणी आधीच लहानमोठं केलेलं असेल तर 149.7 सारखा आकडा येतो. तेव्हा प्रत्येक वेळी 150 पुढे सरकत गेलं, तर आठव्या फुलापर्यंत चूक 2 पिक्सेलच्या वर जाते, 1800 च्या बाजूवर त्याहून जास्त, आणि ती सगळी कोपऱ्यापाशी उघडी पडते. म्हणून प्रत्येक फुलाची जागा पहिल्या फुलापासून मोजायची आणि पूर्णांक अगदी शेवटी करायचा.

आता मुख्य भाग, फुलाचं वजन. वजन म्हणजे त्या आकृतीने किती पिक्सेल गडद केले. गुलाबाच्या चौकोनाला घट्ट कापून घेतलेल्या चित्रावर इमेजमॅजिक या प्रोग्रामची ही आज्ञा चालवली की चौकोनाचा किती हिस्सा शाईने भरला आहे, म्हणजे त्याचा भरणा किती, ते कळतं:

```
magick gulab.png -background white -flatten -colorspace Gray -threshold 50% -format "%[fx:1-mean]" info:
```

नक्षी फिकट सोनेरी असेल तर 50 च्या जागी 75 घालून पाहावं, नाहीतर अर्धं सोनं कागदात मोजलं जातं. आपल्या गुलाबाचा आकडा 0.44 आला असं धरू. 96 गुणिले 96 म्हणजे 9216, त्याचे 0.44 म्हणजे सुमारे 4055 पिक्सेल शाई.

हाताशी असलेलं कमळ 480 गुणिले 300 चं आहे आणि त्याचा भरणा 0.36. ते रुंदीने 96 वर आणलं तर उंची 60 होते आणि शाई 2074 पिक्सेल, म्हणजे गुलाबाच्या जेमतेम निम्मी. विरळ दिसणाऱ्या किनारीचं मूळ हेच. उलट शाई सारखी करायची म्हणून कमळ मोठं करत गेलं तर ते 134 गुणिले 84 चं होतं आणि दोन कमळांत फक्त 16 पिक्सेल उरतात. पाकळ्यांची टोकं एकमेकांना भिडल्यासारखी दिसतात आणि मधल्या वेलीला जागाच राहत नाही. नुसतं लहानमोठं करून हा पेच सुटत नाही, कारण गोल फुलाच्या जागी आडवं पसरट फूल आणलं आहे.

यावर फूल दाबून उभट करण्याचा मोह होतो. तो टाळावा. 480 चं 110 आणि 300 चं 88 केलं, तर मुळातली 10 पिक्सेलची उभी रेघ 2.3 ची होते आणि आडवी 2.9 ची. एकाच पाकळीची कड कुठे जाड, कुठे बारीक दिसते आणि नक्षी ताणलेली आहे हे लगेच ओळखू येतं. योग्य उपाय कष्टाचा आहे: बाहेरच्या दोन पाकळ्या उचलून उभ्या करायच्या, गरज पडली तर ती जोडीच काढून टाकायची, म्हणजे फूल मुळातच 110 गुणिले 88 मध्ये बसेल.

आकार ठरल्यावर रेघ. गुलाबाची बाहेरची कड 4 पिक्सेल आणि पाकळीतल्या शिरा 2 पिक्सेल जाड आहेत, म्हणून कमळाचीही कड 4 आणि शिरा 2 हव्यात. शैली जुळली असं आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा या दोन आकड्यांचा असतो. कमळ व्हेक्टर असेल तर रेघेची जाडी थेट बदलता येते. व्हेक्टर नसेल तर कड दोन्ही अंगांना सारखी फुगवावी. 300 डीपीआयवर 2 पिक्सेल म्हणजे साधारण 0.17 मिलिमीटर. शिरा याहून बारीक ठेवल्या तर छपाईत तुटण्याची भीती असते. रेघ जाड केली की शाईही वाढते, म्हणून वजन सगळ्यात शेवटी पुन्हा मोजायचं. शिरांची संख्या एकदोनने कमीजास्त करून भरणा 0.42 वर आणला, तर 110 गुणिले 88 च्या चौकोनात 4066 पिक्सेल शाई येते. गुलाबापेक्षा 11 पिक्सेल जास्त, हा फरक कुणालाच दिसणार नाही.

दोन कमळांमधलं अंतर आता 40 पिक्सेल आहे, 54 नाही. इथे नियम मोडला असं वाटेल, पण मोडलेला नाही. 40 हे टोकापासून टोकापर्यंतचं अंतर आहे. टोकाच्या वर-खाली पाकळी आत वळते आणि मोकळी जागा वाढते. टप्पा तोच आणि शाईही तीच असेल, तर प्रत्येक टप्प्यातला रिकामा कागदही आपोआप तेवढाच राहतो.

बसवताना चौकोनाचा मध्य धरू नये. गुलाब सगळीकडून सारखा असतो, कमळाचा भार मात्र खाली असतो. ज्या आडव्या रेषेच्या वर आणि खाली सारखी शाई येते ती रेषा शोधावी. आपल्या कमळात ती चौकोनाच्या मध्यापासून 9 पिक्सेल खाली आहे. गुलाबाच्या मध्यरेषेवर ती नेमकी ठेवली तर फूल 9 पिक्सेल वर चढतं आणि मधल्या पाकळीचं टोक गुलाबाच्या जुन्या हद्दीच्या 5 पिक्सेल बाहेर जातं. टोकदार आकार थोडा बाहेर गेला तर चालतो, अक्षरांच्या घडणीतही टोकं अशी थोडी पुढे काढतात. पण इथे चौकटीची रेघ गुलाबापासून फक्त 12 पिक्सेलवर आहे. टोक रेघेच्या फार जवळ गेलं की नजर तिथेच अडकते. म्हणून 9 ऐवजी 6 पिक्सेल वर घ्यावं. टोक 2 पिक्सेलच बाहेर जातं आणि रेघेपर्यंत 10 उरतात.

गुलाब कसाही फिरवला तरी गुलाबच दिसतो, कमळाला मात्र वर आणि खाली असतं. बाजूच्या पट्ट्यांत ते सरळ उभंच ठेवलं, तर ओळीच्या दिशेने त्याची लांबी 110 ऐवजी 88 होते, अंतर 62 वर जातं आणि आडवं ते पट्टीबाहेर डोकावतं. म्हणून देठ आतल्या बाजूला ठेवून दर पुढच्या पट्टीत फूल आणखी 90 अंशांनी फिरवावं. खालच्या पट्टीत ते उलटं येईल, पण देठ बाहेर ठेवला तर ते वरच्या पट्टीत उलटं येतं आणि ते जास्त बोचतं. फिरवण्याआधी त्यावर सोनेरी छटा चढवू नये. मूळ नक्षीत उजेड वर-डावीकडून पडत असेल, तर फिरवलेल्या फुलाची चमक भलत्याच बाजूला जाते. आधी आकार फिरवायचा, मग चारही पट्ट्यांत एकाच दिशेची छटा द्यायची.

जुना गुलाब पुसताना कडेला लागून पुसला तर त्याची सावली मागे राहते. जेपीईजी चित्र 8 गुणिले 8 च्या चौकोनांत दाबलेलं असतं, त्यामुळे कडेचे धुरकट डाग 8 पिक्सेलपर्यंत पसरलेले असतात, रंगाचे त्याहूनही जास्त. मास्क चहूबाजूंनी 8 पिक्सेल वाढवावा; चौकटीची रेघ 12 वर आहे, म्हणजे ती वाचते. खाली कागदाचा पोत असेल तर एकच तुकडा 40 ठिकाणी चिकटवू नये. तोच ठिपका दर 150 पिक्सेलला दिसला की डोळा त्याची ओळ पकडतो. वेलीची टोकंही पाहावीत. गुलाब मध्यावर 96 रुंद होता, कमळ त्या उंचीवर 84 असेल तर दोन्ही बाजूंना 6 पिक्सेलची फट पडते. वेल फुलाखालच्या लेयरवर ठेवून 10 पिक्सेल आत वाढवली की फट राहत नाही.

कोपऱ्यातलं फूल मात्र या हिशेबात बसत नाही. ते वेगळं काढावं लागतं, फक्त रेघांची जाडी तीच ठेवायची.

मूळ चित्र स्कॅन केलेलं असेल तर त्याच्या कडा 2-3 पिक्सेलांत विरतात आणि नवं कमळ कात्रीने कापल्यासारखं दिसतं. त्याला 0.7 च्या आसपास हलका ब्लर आणि कागदाच्या कणांइतकाच नॉइज द्यावा. हे सगळ्यात शेवटी, कारण धूसर केलेली कड परत फिरवली की आणखी मऊ होते.

तपासण्या दोन आहेत. पहिली जागेची: वरची 1200 पिक्सेलची पट्टी कापून, एक टप्पा सरकवून, तिच्यातूनच वजा करायची:

```
magick patti.png \( +clone -roll +150+0 \) -compose difference -composite farak.png
```

सगळी फुलं जागेवर असतील तर चित्र जवळपास काळं येतं, कागदाचा पोत तेवढा अंधूक दिसतो. एखादं फूल 2 पिक्सेल जरी सरकलं असेल, तरी त्याची कड पांढऱ्या रेघेत उजळते, आणि ती दोनदा दिसते: त्याच्या स्वतःच्या जागी आणि शेजारच्या टप्प्यात. चूक त्यातल्या डावीकडच्या फुलात असते; रेघा पट्टीच्या दोन टोकांना दिसल्या तर मात्र उजव्या टोकाच्या फुलात.

दुसरी तपासणी वजनाची. जुनी आणि नवी पत्रिका शेजारी ठेवून दोन्हींवर 40 पिक्सेलचा गॉसियन ब्लर चढवायचा. फुलं ओळखू येत नाहीत, नुसते ठिपके राहतात. दोन्हीकडे ठिपक्यांचा गडदपणा सारखा असेल तर काम जमलं. नव्या पट्टीतले ठिपके फिकट असतील तर शिरा कमी पडल्या आहेत. ते एकमेकांत मिसळून अखंड पट्टा झाला असेल, तर बाहेरच्या पाकळ्या अजून आत घ्यायच्या आहेत.