रीलवरची ओळ: शब्द नव्हे, अक्षरं मोजा

“एका ओळीत सात शब्द असले तरी दोन सेकंदांत वाचून होतात ना?”

मराठीत हा हिशेब चुकतो, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि जोडाक्षरांवर नजर अडखळते. कोल्हापुरी मिसळीच्या रीलवरची ही ओळ बघा: ‘कोल्हापुरातल्या प्रसिद्ध झणझणीत मिसळीच्या कटासाठी लागणारं साहित्य’. शब्द सातच, पण अक्षरं २९. शिवाय प्रेक्षकाचं लक्ष आधी तर्रीकडे जातं, मग मजकुराकडे.

‘मिसळीच्या कटाला काय लागतं?’ एवढंच लिहा. अक्षरं १२. कोल्हापूर ठिकाणाच्या टॅगमध्ये येतं, झणझणीतपणा तर्रीच्या रंगात दिसतो. आमच्या मते दोन सेकंदांना १२ ते १५ अक्षरं पुरेत. मजकूर जास्त असेल तर दोन ओळी एकामागून एक दाखवा.

अ‍ॅनिमेशनही वेळ खातं. ओळ सरकत यायला अर्धा सेकंद आणि विरायला अर्धा गेला, तर वाचायला एकच सेकंद उरतो. म्हणून ओळ थेट उमटू द्या.

तपासायला रील न पाहिलेल्या माणसाला आवाज बंद करून फोनवर एकदाच दाखवा आणि ओळ वाचायला सांगा. स्वतः तपासू नका; तुम्हाला ओळ पाठ असते. त्याने शेवटचा शब्द गाळला, तर ओळ अजून लांब आहे.