लावणीनंतरचा पहिला आठवडा: धावणाऱ्याच्या लोडचं गणित आणि त्यातल्या भेगा

जुलै लागला की खानापूर, जांबोटी भागात भाताची लावणी सुरू होते. एरवी पहाटे रस्त्यावर धावणारी भरतीची पोरं तेव्हा चिखलात उतरतात, कारण घरच्या शेताला हात कमी पडत असतात. लावणी आटोपते आणि भरतीची आठवण डोकं वर काढते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे सैन्याची ओढ या भागात घराघरात आहे. भरतीत १६०० मीटर घड्याळ लावून धावायचे असतात. मग बुडालेल्या आठवड्यांची भरपाई एकाच आठवड्यात करायचा प्रयत्न होतो. काही आठवड्यांनी यातलीच काही पोरं माझ्या फिजिओथेरपीच्या टेबलावर बसून पायाच्या पुढच्या हाडावर बोट ठेवतात: "सर, नडगी दुखूलीय."

किती वाढवलं म्हणजे जास्त झालं? खेळाच्या जगाने या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देऊन पाहिलं. त्याचं नाव अ‍ॅक्यूट-क्रॉनिक वर्कलोड रेशो. कल्पना सोपी आहे. गेल्या सात दिवसांत केलेलं काम म्हणजे ताजा लोड. गेल्या चार आठवड्यांची सरासरी म्हणजे अंगात मुरलेला लोड. ताज्याला मुरलेल्याने भागायचं. उत्तर १ आलं, तर शरीराला जितकी सवय आहे तितकंच काम झालं. २ आलं, तर सवयीच्या दुप्पट.

हे काम मोजायची सोपी रीत अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी रुळवली. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं, आजचा सराव शून्य ते दहामध्ये किती जड गेला? तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं. घड्याळ आणि वही एवढं पुरतं, म्हणून गावातल्या मैदानावरही हे जमतं.

एक नमुना घेऊ. एक मुलगा आठवड्यातून पाच दिवस ४० मिनिटं धावतो आणि सराव ५ इतका जड सांगतो. रोजचे २००, आठवड्याचे १०००. लावणीचे दोन आठवडे त्याला दोन-दोन दिवसच धावता येतं, म्हणजे ४०० आणि ४००. मग तो परत येतो. पाचच दिवस, ४०च मिनिटं, पण आता सगळं वेगात, आणि सराव ७ इतका जड. या आठवड्याचे १४००. चार आठवड्यांची बेरीज ३२००, सरासरी ८००. १४०० भागिले ८००, उत्तर १.७५.

२०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हुलिन, गॅबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अव्वल दर्जाच्या वेगवान गोलंदाजांची अशीच आकडेमोड केली. ज्या आठवड्यात कामाने मोठी उसळी घेतली, त्याच्या पुढच्या आठवड्यात दुखापती वाढलेल्या दिसल्या. २०१६ मध्ये गॅबेट यांनी यावरून एक आलेख मांडला: ०.८ ते १.३ हा चांगला पट्टा, १.५ च्या वर धोका. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांच्या निवेदनातही हा रेशो आला, आणि पुढे घड्याळं, अ‍ॅप, क्लबचे तक्ते सगळीकडे हिरवे-लाल रंग दिसू लागले. आपल्या मुलाचं १.७५ या हिशेबात लाल पट्ट्यात पडतं. इथवर गणित आणि अनुभव हातात हात घालून चालतात. मला काळजी वाटते ती याच्या पुढची.

पहिली अडचण भागाकारातच आहे. चालू आठवडा वर आहे आणि खालच्या सरासरीतही तोच मिसळलेला आहे. म्हणजे धोका मोजायची पट्टी धोक्याबरोबर लांबते. खालच्या सरासरीतून चालू आठवडा काढून फक्त आधीचे तीन आठवडे धरले, तर सरासरी ६०० येते आणि उत्तर २.३३. पाय तेच, आठवडा तोच, पण एका पद्धतीत १.७५ आणि दुसरीत २.३३. आता टोकाचं उदाहरण बघा. तापामुळे किंवा परीक्षेमुळे एखादा मुलगा तीन आठवडे अजिबात धावला नाही. चौथ्या आठवड्यात तो दोन किलोमीटर धावला, तर सरासरी अर्धा किलोमीटर आणि रेशो ४. तोच मुलगा ४० किलोमीटर धावला, तर सरासरी १० आणि रेशो पुन्हा ४. चालू आठवडा दोन्हीकडे धरणाऱ्या या पद्धतीत ४ च्या वर जाताच येत नाही. जिथे सर्वांत जास्त सावध व्हायला हवं, नेमकं तिथे हा आकडा दोन आणि चाळीस यांत फरक करत नाही.

दुसरी अडचण लावणीचीच, आणि आमच्या भागात मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. वर आपण फक्त धावणं मोजलं. पण लावणी हे काही बसून करायचं काम नव्हे. दिवसाला सहा तास, जडपणा ४ धरला तर ३६० गुणिले ४, म्हणजे एका दिवसाचे १४४०. धावण्याच्या संपूर्ण आठवड्यापेक्षा जास्त! सहा दिवसांचे ८६४०, त्यात धावण्याचे ४०० मिळवून ९०४०. आता चार आठवडे असे होतात: १०००, ९०४०, ९०४०, १४००. सरासरी ५१२०. रेशो ०.२७.

त्याच मुलाचा आकडा १.७५ वरून ०.२७ वर आला. एक सांगतो थांब, दुसरा सांगतो तू फारच कमी करतोयस. वहीत काय लिहिलं आणि काय सोडलं, एवढ्यावर निकाल फिरला. शिवाय दोन्ही आकडे नडगीबद्दल गप्पच आहेत. वाकून चिखलात उभं राहिल्याने कंबर आणि मांड्या थकतात. डांबरी रस्त्यावर पाय आपटण्याची जी सवय नडगीच्या हाडाला लागते, ती त्यातून मिळत नाही. तालमीतल्या पैलवानाचंही तेच. जोर, बैठका, मातीतली कुस्ती आणि सकाळची धाव हे सगळं एका आकड्यात ओतलं की कोणता ताण कोणत्या सांध्यावर गेला ते हरवून जातं.

आता हाडाकडे वळू, कारण सात आणि अठ्ठावीस दिवसांचे हे ठोकताळे हाडाने ठरवलेले नाहीत. ते आठवड्याच्या सामन्यांच्या वेळापत्रकाला सोयीचे म्हणून आले. हाडावर नवा ताण पडला की ते स्वतःला घडवून घेतं, पण आधी जुना भाग पोखरून काढला जातो आणि मग नवा भरला जातो. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरून पक्कं व्हायला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा थोडं कमजोर असतं. म्हणून उसळीच्या आठवड्यात मुलगा ठणठणीत असतो आणि दुखणं तीन-चार आठवड्यांनी येतं. तोवर तो नियमित धावत असल्यामुळे रेशो १ च्या आसपास परत आलेला असतो. हिरव्या रंगाच्या आठवड्यात हाड चिरतं.

संशोधकांनी याहून मुळावर घाव घातला. इंपेलिझेरी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये फुटबॉलपटूंच्या नोंदी घेतल्या आणि खालच्या जागी खऱ्या मुरलेल्या लोडऐवजी मनाने तयार केलेले, अगदी यादृच्छिक आकडेही घातले. तरी दुखापतीशी दिसणारं नातं साधारण तसंच राहिलं. याचा अर्थ, जे काही सांगत होतं ते वरचा ताजा लोड सांगत होता. 'सवयीच्या तुलनेत' हा जो या रेशोचा सगळा आधार, त्याची भर फारशी पडत नव्हती. त्याच वर्षी नॉर्वेतल्या तरुण फुटबॉलपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकूण ४८२ खेळाडू. चिठ्ठ्या टाकून संघ वाटले. काहींचा सराव या रेशोनुसार आखला, काहींचा नेहमीसारखा. दुखापती आणि आजार यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. उसळी आणि दुखापत एकत्र दिसतात, हे खरं. पण उसळी येते तेव्हा बरंच काही एकत्र येतं: सामने वाढलेले असतात, खेळाडू जुन्या दुखापतीतून नुकताच परतलेला असतो, झोप कमी झालेली असते. त्यामुळे फक्त रेशो खाली आणून दुखापत टळेलच, असं त्या नात्यावरून म्हणता येत नाही.

तरीही "हळूहळू वाढव" हे मी सांगतोच, आणि त्यासाठी भागाकार लागत नाही. आठवड्याच्या बेरजेत एक गोष्ट लपते. रोज चार किलोमीटर असे पाच दिवस धावलं तरी वीस, आणि चार दिवस दोन-दोन करून रविवारी एकदम बारा धावलं तरी वीसच. बेळगावच्या रस्त्यांवर रविवारची ती बारा किलोमीटरची धाव मी नेहमी बघतो. सुमारे ५२०० हौशी धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदींवरचा अभ्यास २०२५ मध्ये आला. गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त धावलं, की अतिवापराच्या दुखापतीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. दुपटीहून जास्त धावलं, तर ते दुपटीच्याही वर गेलं. आठवड्यांच्या रेशोने मात्र तसा इशारा दिला नाही.

म्हणून वहीत मी दोनच रकाने मागतो: आज किती धावलास, आणि गेल्या महिन्यातली सर्वांत लांब धाव कोणती. महिन्यात सर्वांत लांब पाच किलोमीटर झाली असेल, तर पुढची साडेपाचपर्यंत. यालाही मर्यादा आहेत. तो अभ्यास मुख्यतः प्रौढ हौशी धावपटूंचा आहे, सतरा-अठराच्या पोरांचा नाही. अंतर तेच ठेवून वेग वाढवला, तर हा नियम काहीच बोलत नाही, आणि १६०० मीटरच्या तयारीत वाढतो तो बहुतेकदा वेगच. शिवाय लावणी दोनच आठवडे चालली, तर तिच्या आधीची आठ किलोमीटरची धाव अजून तीस दिवसांच्या आत असते आणि नियम पावणेनऊलाही हरकत घेत नाही. अशा वेळी मी लावणीतल्याच सर्वांत लांब धावेपासून सुरुवात करायला लावतो, आणि पहिले दोन आठवडे वेग आणि अंतर एकदम वाढवू देत नाही.

दुखायला लागल्यावर तर कोणताही आकडा बाजूला ठेवायचा आणि बोटाने नडगी चाचपायची. आतल्या कडेने चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल आणि धाव सुरू झाल्यावर थोडं सैल होत असेल, तर बहुतेकदा हाडावरच्या आवरणाचा आणि स्नायूंच्या जोडणीचा त्रास असतो. धावणं कमी केलं की तो उतरतो. पण एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कळ येत असेल, त्या पायावर उडी मारताना ती वाढत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवसापासून धावणं बंद. इथे पोरं एका गोष्टीत फसतात: एक्स-रे काढतात, तो स्वच्छ येतो आणि दुसऱ्या दिवशी परत रस्त्यावर. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. एमआरआयचा खर्च झेपत नसेल, तर चीर आहे असंच धरून हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि साधं चालतानाही दुखायचं थांबेपर्यंत त्या पायाने धावायचं नाही.