अमायलेज व लायपेज चाचणी (स्वादुपिंडदाहाच्या निदानात)

तीव्र स्वादुपिंडदाहाचा संशय आला की रक्तातील अमायलेज आणि लायपेज मोजतात. अमायलेज पिष्ट पदार्थ पचवते, लायपेज चरबी. स्वादुपिंडाला सूज आली की त्याच्या पेशींमधून ही विकरे रक्तात उतरतात. निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: बेंबीच्या वरच्या भागातली, बऱ्याचदा पाठीत जाणारी तीव्र कळ, यांपैकी एक विकर त्या लॅबच्या वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयवर दिसणारी सूज. हा निकष 2012 मध्ये सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणातला आहे.

आकडा वाचण्याआधी दुखणे केव्हा सुरू झाले ते विचारावे लागते. अमायलेज साधारण 6 ते 12 तासांत वाढते आणि 3 ते 5 दिवसांत पूर्ववत होते. लायपेज 4 ते 8 तासांत चढते, 24 तासांच्या सुमारास शिखर गाठते आणि 8 ते 14 दिवस वाढलेले राहू शकते. फरक मूत्रपिंडात पडतो. गाळले गेलेले अमायलेज काही प्रमाणात लघवीतून बाहेर जाते. लायपेज मात्र मूत्रपिंडाच्या नलिका परत शोषून घेतात.

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत भोर, जुन्नर, इंदापूरकडून येणारे रुग्ण बहुधा आधी गावात ॲसिडिटीचे इंजेक्शन घेऊन, दोन-तीन दिवस वाट पाहून आलेले असतात, म्हणून हा फरक इथे मोलाचा ठरतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भोरजवळचा 38 वर्षांचा, नियमित दारू पिणारा माणूस. रविवारी रात्री जेवणानंतर कळ आली, पुण्यात पोचला गुरुवारी संध्याकाळी. अमायलेज 96 (मर्यादा 100), लायपेज 540 (मर्यादा 60). नुसते अमायलेज पाहिले असते तर रिपोर्ट नॉर्मल म्हणून त्याला घरी पाठवले गेले असते. लायपेज मात्र नऊपट आहे; कळ आणि लायपेज मिळून दोन निकष पूर्ण झाले, निदानासाठी सीटी स्कॅनची गरज उरली नाही. जुन्या दारूबाजाच्या झिजलेल्या स्वादुपिंडात अमायलेज मुळातच कमी वाढते, हेही यामागे असते. रक्तद्रव दुधासारखा पांढरा दिसला तर ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असल्याची शंका घ्यावी; त्यामुळे अमायलेज खोटे कमी येते आणि नमुना पातळ करून पुन्हा मोजावा लागतो. म्हणून एकच चाचणी परवडत असेल तर लायपेज निवडावे. आकडा किती मोठा यावरून आजार किती गंभीर हे ठरत नाही, त्यामुळे निदान झाल्यावर रोज चाचणी करून रुग्णाचे पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

खोटी वाढ कुठून येते? अमायलेज लाळग्रंथींतूनही येते, म्हणून गालगुंडात ते वाढते आणि लायपेज सहसा नॉर्मल राहते. मूत्रपिंड निकामी असल्यास दोन्ही साचतात, पण बहुधा तिपटीच्या आत; म्हणून क्रिएटिनिन सोबत पाहावेच. मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्येही दोन्ही वाढू शकतात. शेतीच्या जिल्ह्यात ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधाही लक्षात ठेवावी लागते. सर्वांत धोक्याची चूक आतड्याची. जठराचा किंवा लहान आतड्याचा व्रण फुटला की आतला विकरयुक्त द्रव पोटाच्या पोकळीत सांडतो आणि तिथून रक्तात शोषला जातो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यावरही अशी वाढ होते. अशा वेळी स्वादुपिंडदाह समजून सलाइनवर ठेवले तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. पोट फळीसारखे ताठ असेल तर उभ्याने छातीचा एक्स-रे काढून छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसते का ते पाहावे. ती दिसली नाही तरी संशय असल्यास सीटी करावे.

आणखी एक कारण निरुपद्रवी आहे: मॅक्रोअमायलेज. इथे अमायलेज प्रतिद्रव्यांना चिकटून इतके मोठे होते की मूत्रपिंडातून गाळले जात नाही. तपासणी पॅकेजमध्ये अमायलेज 420 येते, पोट दुखत नाही, लायपेज नॉर्मल, आणि तरी माणूस स्कॅनमागून स्कॅन करत राहतो. लघवीतले अमायलेज मोजले की उलगडा होतो. समजा लघवीत अमायलेज 150, क्रिएटिनिन 90. रक्तात क्रिएटिनिन 0.9. लघवीतले अमायलेज गुणिले रक्तातले क्रिएटिनिन, भागिले रक्तातले अमायलेज गुणिले लघवीतले क्रिएटिनिन, म्हणजे 135 भागिले 37,800, अर्थात 0.36 टक्के. 1 टक्क्याखालचे हे प्रमाण मॅक्रोअमायलेजकडे बोट दाखवते. यावर उपचार लागत नाही. ही नोंद रुग्णाच्या फाइलवर ठळक करून ठेवावी आणि पुढे कधी पोटात कळ आलीच तर फक्त लायपेजवर भिस्त ठेवावी.