आधी उतरणाऱ्याने किती द्यायचे?

तिघे एका टॅक्सीत बसले आहेत. अमोलचं घर वाटेत सर्वांत आधी लागतं, मग बकुळचं, आणि चारू शेवटपर्यंत जाणार. अमोल उतरताना मीटर ९० रुपये दाखवतो, बकुळच्या दाराशी १५०, चारूच्या फाटकाशी २४०. तिघांची घरं एकाच रस्त्यावर असल्यामुळे कुणी एकटं गेलं असतं, तरी मीटर त्याच्या दाराशी याच आकड्यावर थांबलं असतं.

सगळ्यांत सोपं म्हणजे २४० भागिले तीन, प्रत्येकी ८०. अमोलला एकट्याला ९० पडले असते, म्हणजे त्याचे १० वाचले. बकुळचे ७० वाचले. वरवर पाहता कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण अमोल आणि बकुळ दोघांचा मिळून हिशेब करा. ते १६० देताहेत, आणि चारूला न घेता दोघांनीच टॅक्सी केली असती तर १५० लागले असते. म्हणजे चारूला सोबत घेतल्याबद्दल हे दोघे वर १० रुपये मोजताहेत. वाटणी न्याय्य आहे का हे तपासताना एकेकाला विचारून भागत नाही. प्रत्येक गटाला विचारावं लागतं, की बाबांनो, तुम्ही वेगळे गेला असतात तर स्वस्तात सुटला असतात का? गणितज्ञ या कसोटीवर उतरणाऱ्या वाटण्यांच्या संचाला ‘गाभा’ म्हणतात. समान वाटणी इथे गाभ्याबाहेर पडते.

मग बहुतेकांना सुचतं ते प्रमाण. एकट्याने गेल्यास ज्याला जितकं भाडं पडेल, त्या प्रमाणात वाटा. ९०, १५० आणि २४० यांची बेरीज ४८०, भाडं त्याच्या निम्मं, म्हणून प्रत्येकाने आपल्या एकट्याच्या भाड्याच्या निम्मे द्यायचे: ४५, ७५, १२०. ऐकायला फार छान वाटतं, आणि गटांच्या कसोटीवरही हे टिकतं. मलाही बरीच वर्षं हेच बरोबर वाटत होतं.

आता चारू जरा लांब राहायला गेली असं समजा. तिच्या दाराशी मीटर २४० ऐवजी ६०० दाखवतं. बाकी काहीच बदललेलं नाही. प्रमाणाने अमोलचा वाटा ४५ वरून ६४ च्या वर जातो, बकुळचा १०७ वर. अमोल त्याच रस्त्याने, त्याच दारापर्यंत आला, तरी तो झोपल्यानंतर टॅक्सी जितकी पुढे जाईल तितकं त्याचं भाडं वाढत राहतं. दोघांचे मिळून १७१ होतात, दोघांची वेगळी टॅक्सी मात्र १५० चीच. प्रमाणही गाभ्याबाहेर गेलं.

अडचण अशी, की या दोन्ही रीतींनी सबंध प्रवासाची एकच मोट बांधली. ती सोडून रस्त्याचे तुकडे करा. पहिल्या तुकड्याचे ९० तिघांनी वापरले, म्हणून प्रत्येकी ३०. दुसऱ्या तुकड्याचे ६० बकुळ आणि चारूने, म्हणून दोघींचे ३०-३०. शेवटचे ९० एकट्या चारूचे. अमोल ३०, बकुळ ६०, चारू १५०. चारूचं घर कितीही लांब नेलं, तरी अमोलचे ३० हलत नाहीत. टॅक्सीत बसताक्षणी लागणारं किमान भाडंही आपसूक पहिल्या तुकड्यात येतं आणि तिघांत वाटलं जातं. दुसऱ्या तुकड्यात गाडी अर्धा तास कोंडीत अडकली, तर तो भार अमोलवर येत नाही.

व्यवहारात मला याहून आवडते ती दुसरी गोष्ट. अमोलला उतरतानाच आपला वाटा कळतो: मीटर बघायचं, गाडीतली माणसं मोजायची, भागाकार करायचा, पैसे हातावर ठेवायचे. पुढे काय होणार याची माहिती लागत नाही. समान किंवा प्रमाणाच्या वाटणीत शेवटचा माणूस पोचेपर्यंत हिशेबच होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ‘तुझे किती राहिले रे’ सुरू होतं.

ही रीत नुसत्या व्यवहारज्ञानातून आलेली वाटेल, पण त्याच आकड्यांवर अगदी वेगळ्या वाटेनेही पोचता येतं. गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये सामायिक खर्चालाही लावता येणारा एक नियम मांडला. तो टॅक्सीला असा लागतो: प्रवासी एकामागून एक गाडीत येतात असं समजायचं, आणि ज्याच्या येण्याने खर्च जितका वाढला तितका त्याच्या नावावर टाकायचा. पण आधी कोण आलं यावर सगळं ठरू नये, म्हणून सगळे क्रम घेऊन सरासरी काढायची. तिघांचे क्रम सहा. अमोल दोन क्रमांत पहिला येतो, तेव्हा ९० त्याच्या नावावर. इतर चारांत त्याच्या आधी आलेल्याची टॅक्सी त्याच्या दारावरूनच जाते, म्हणून शून्य. १८० भागिले सहा, ३०. बकुळचे असेच ६० येतात, चारूचे १५०.

शॅप्ली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते दुसऱ्या कामाबद्दल, पण हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लिटलचाइल्ड आणि ओवेन या अभ्यासकांनी १९७३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीच्या खर्चासाठी तो वापरला. पट्टी किती लांब हवी हे सर्वांत मोठ्या विमानावरून ठरतं, पण छोटं विमान तिचा सुरुवातीचाच भाग वापरतं. धावपट्टीच्या जागी रस्ता ठेवा, गणित तेच.

घर रस्त्यापासून आत असलं की मात्र तुकड्यांचा नियम अडखळतो. अमोलला बाजूला ठेवू. समजा बकुळच्या गल्लीच्या तोंडापर्यंत १३० होतात, आत जायला २०, परत मुख्य रस्त्यावर यायला २०, आणि तिथून चारूच्या घरापर्यंत ११०. एकूण २८०. एकटी बकुळ १५० मध्ये पोचते, एकटी चारू २४० मध्ये. गल्लीचे ४० कुणाचे? बकुळमुळे वळावं लागलं, तेव्हा सगळे तिनेच द्यावेत, असं पटकन वाटतं. शॅप्लीचा नियम लावून पाहू. बकुळ आधी आली तर १५०, नंतर आली तर २८० वजा २४०, म्हणजे ४०. सरासरी ९५. चारूचे उरले १८५.

हे ९५ सोडवून पाहा. १३० चे निम्मे ६५. आत जायचे २० पूर्ण, कारण ते बकुळला एकटीलाही लागलेच असते. आणि परत येण्याच्या २० मधले १०. एकटी बकुळ घरी उतरली असती, एकटी चारू गल्लीत वळलीच नसती. परतीचा तुकडा दोघी एकत्र आहेत म्हणूनच तयार झाला, म्हणून तो निम्मानिम्मा. हा निकाल मला पहिल्यांदा उलटा वाटला होता. पण गल्ली इतकी खोल असेल की परतीचेच १३० होतील, तर एकत्र जाण्यातली बचत पूर्ण संपते आणि दोघींनी वेगळ्या टॅक्सी केलेल्या बऱ्या.

एक प्रश्न मात्र गणिताबाहेरच राहतो. चारूसोबत तिचा नवरा असेल तर गाडीत चार माणसं धरायची की तीन घरं? चार धरली तर अमोल साडेबावीस देतो, तीन धरली तर ३०. शॅप्लीचा नियम प्रत्येक खेळाडूचा, म्हणजे वाटणीतल्या प्रत्येक भागीदाराचा, वाटा सांगतो, खेळाडू कोण ते सांगत नाही. चारू म्हणेल, नवरा सोबत नसता तरी टॅक्सी माझ्यासाठी तितकीच धावली असती. अमोल म्हणेल, मागच्या सीटवर मी अंग चोरून बसलो होतो. हे गाडीत बसण्याआधी ठरवलेलं बरं, कारण अमोल उतरेल तेव्हा दार उघडं असतं आणि मीटर चालूच असतं.