नागरिक पत्रकारिता आणि प्रत्यक्षदर्शींचे व्हिडिओ

पेशाने पत्रकार नसलेल्या, पण घटनेच्या वेळी तिथे हजर असलेल्या माणसाने टिपलेले दृश्य बातमीचा आधार होते, तेव्हा त्याला नागरिक पत्रकारिता म्हणतात. आज तिचा सर्वांत मोठा भाग मोबाइलवर चित्रित केलेल्या व्हिडिओंचा आहे. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट झाले, तेव्हा बोगद्यातली दृश्ये आधी प्रवाशांच्या फोनमधून बाहेर आली, कारण वाहिन्यांचे कॅमेरे तिथे पोहोचूच शकत नव्हते. त्यानंतर मोठ्या वृत्तसंस्थांनी असे साहित्य तपासण्यासाठी वेगळे कक्ष उभारले.

असा व्हिडिओ हाती आला की संपादकापुढे तीन प्रश्न असतात: तो बातमीला काय देतो, तो खरा आहे का, आणि त्यात दिसणाऱ्या माणसाचे काय. पहिल्या दोन प्रश्नांसाठी आता पद्धती आहेत, साधने आहेत, प्रशिक्षण आहे. तिसरा मात्र बहुतेक वेळा प्रसारणाच्या घाईत उरकला जातो.

पडताळणीची सुरुवात व्हिडिओ सर्वांत आधी कुणी टाकला हे शोधण्यापासून होते. त्यातल्या ठळक चौकटी, म्हणजे थांबवलेली दृश्ये, उलट प्रतिमाशोधात, म्हणजे चित्रावरून तसेच चित्र शोधणाऱ्या साधनात, टाकून जुन्या प्रती आहेत का ते पाहतात. मग चित्रण करणाऱ्याला गाठून मूळ फाइल मागतात, कारण समाजमाध्यमांवर चढवताना फाइलमधली तारीख, ठिकाण, उपकरण ही माहिती सहसा पुसली जाते. त्याआधी आणि नंतर काय चित्रित केले, तेही मागतात. जो खरोखर तिथे उभा होता त्याच्याकडे बहुधा आणखी दोन-चार तुकडे असतात आणि डावीकडे काय होते, आवाज कुठून आला, हे तो सांगू शकतो. दुसऱ्याचा व्हिडिओ उचललेला माणूस इथेच अडखळतो. ही पायरी गाळली की काय होते, ते नोव्हेंबर २०१४ मध्ये दिसले. गोळीबारातून एका मुलीला वाचवणाऱ्या सीरियन मुलाचा म्हणून जगभर फिरलेला व्हिडिओ प्रत्यक्षात एका नॉर्वेजियन दिग्दर्शकाने माल्टात चित्रित केला होता आणि त्यातली मुले अभिनय करत होती.

चित्रण करणारा सापडतच नसेल, तर दृश्यालाच बोलते करावे लागते. जुलै २०१८ मध्ये एक व्हिडिओ पसरला. त्यात काही सैनिक दोन स्त्रिया आणि दोन लहान मुलांना चालवत नेतात, स्त्रियांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि सगळ्यांना गोळ्या घालतात. कॅमेरूनच्या सरकारने तो आपल्या देशातला नसल्याचे सांगून ‘खोटी बातमी’ ठरवला. बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या गटाने तो चौकटीगणिक तपासला. सुरुवातीला मागे डोंगरांची एक रांग दिसते. तिची रेषा कॅमेरूनच्या उत्तर टोकाला, नायजेरियाच्या सीमेजवळच्या झेलेव्हेत गावाजवळच्या डोंगरांशी जुळली. दृश्यातल्या इमारती, झाडे आणि वाटा उपग्रह छायाचित्रांत सापडल्या आणि जागा पक्की झाली.

काळ ठरवायलाही याच इमारती आणि वाटा उपयोगी पडल्या. दिसणारी एक इमारत फेब्रुवारी २०१६ पर्यंत पाडली गेली होती, तर दुसरे एक बांधकाम नोव्हेंबर २०१४ च्या छायाचित्रात नव्हते. म्हणजे घटना या दोन तारखांच्या मधली. एक पायवाट फक्त जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांतच उमटलेली दिसते. शेवटी सैनिकांच्या सावल्यांवरून सूर्याची उंची आणि दिशा काढली. इथे एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी: सूर्याची तीच स्थिती वर्षातून दोनदा येते आणि सावलीवरून वर्ष तर कळतच नाही. म्हणून सावलीला इमारतींची आणि पायवाटेची जोड लागते. ती मिळाल्यावर २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ हा काळ निश्चित झाला. सरकारने पुढे सात सैनिकांना अटक झाल्याचे जाहीर केले. २०२० मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांतल्या चौघांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

या तपासात एक गोष्ट सहज निसटते. हे चित्रण मारणाऱ्यांच्याच गटातल्या कुणाच्या तरी हातून झाले होते. त्यात दिसणाऱ्या स्त्रियांना कुणी विचारले नव्हते आणि आता विचारणे शक्यही नव्हते. पण पुरावा होता तो डोंगराच्या रेषेत, भिंतींत, गणवेशात, शस्त्रांत आणि सावल्यांत. त्यांपैकी एकाही गोष्टीसाठी प्रेक्षकाला त्या स्त्रियांचे चेहरे किंवा मृत्यूचा क्षण पाहण्याची गरज नाही. व्हिडिओतले काय तपासायला लागते आणि काय दाखवायला लागते, ही दोन वेगळी मोजमापे आहेत. ती एकत्र केली की ‘खरा आहे, म्हणून दाखवा’ असा निर्णय होतो, आणि तो चुकीचा असतो.

७ जानेवारी २०१५ चा पॅरिसमधला प्रसंग याची दुसरी बाजू दाखवतो. ‘शार्ली एब्दो’ साप्ताहिकाच्या कार्यालयावर हल्ला करून पळणाऱ्या बंदूकधाऱ्यांनी फुटपाथवर जखमी पडलेल्या पोलिसाला जवळून गोळी घातली. घराच्या खिडकीतून एका रहिवाशाने ते टिपले, एकटेपणाच्या धास्तीत फेसबुकवर टाकले आणि सुमारे पंधरा मिनिटांत काढूनही घेतले. तोवर प्रती निघाल्या होत्या आणि थोड्याच वेळात त्या दूरचित्रवाणीवर होत्या. व्हिडिओ टाकणे ही आपली चूक होती, असे त्याने नंतर असोसिएटेड प्रेसला सांगितले. ज्या वाहिन्यांनी परवानगी मागितली, त्यांना त्याने मृत्यूचा क्षण वगळण्याची अट घातली होती. पोलिसाच्या भावाने पत्रकारांना थेट सुनावले: तो व्हिडिओ तुम्ही दाखवलाच कसा? त्याचा आवाज मी ओळखला, त्याला मारले जाताना मी पाहिले.

इथे खरेपणाचा प्रश्नच नव्हता. हल्लेखोर किती होते, ते कसे हालचाल करत होते, ही माहिती त्या दिवशी मोलाची होती आणि ती आधीच्या काही सेकंदांत आलेली होती. राहिलेला भाग बातमीत भर घालत नव्हता.

न्यूजरूममध्ये ‘परवानगी घेतली’ असे म्हणतात, तेव्हा ती जवळजवळ नेहमी चित्रण करणाऱ्याची असते. स्वामित्वहक्क त्याचा असतो, म्हणून कायद्याच्या बाजूने तेवढे पुरते. दृश्यातल्या माणसाचा हक्क चित्रण करणारा देऊ शकत नाही, कारण तो हक्क त्याचा नाहीच. सार्वजनिक रस्त्यावर चित्रण करायला बऱ्याच देशांत संमती लागत नाही. पण जखमी, शोकाकुल, अल्पवयीन किंवा अत्याचार सोसलेल्या माणसाबाबत तेवढ्यावर थांबता येत नाही. सार्वजनिक सत्ता वापरणाऱ्याचे मात्र वेगळे आहे. कर्तव्यावर असताना कुणाला मारणाऱ्या पोलिसाची संमती मागायला गेले, तर तो नाहीच म्हणेल आणि बातमी तिथेच मरेल. म्हणून एकाच चौकटीत मारणाऱ्याचा चेहरा उघडा आणि मार खाणाऱ्याचा झाकलेला, हा निर्णय पूर्णपणे सुसंगत आहे.

झाकण्याचेही काम नीट व्हावे लागते. चेहरा धूसर केला, पण आवाज, कपडे, घराचा दरवाजा किंवा वाहनाचा क्रमांक तसाच राहिला, तर ओळखणारे ओळखतातच. मूळ पोस्टची लिंक बातमीत जोडली, तर धूसर करणे निरर्थकच, एका क्लिकवर सगळे उघडे. अशा वेळी दृश्य न दाखवता बातमीदाराने ते शब्दांत सांगणे, किंवा घटनेच्या आधीची एखादी स्थिर चौकट वापरणे, हेच पुरेसे ठरते.

संमती मिळाली तरी ती त्या दिवसाच्या बातमीपुरती असते, हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. व्हिडिओ संग्रहात जातो आणि वर्षांनी, दुसऱ्याच विषयावरच्या वृत्तान्तात पार्श्वदृश्य म्हणून बाहेर येतो. तोवर त्यातल्या मुलीचे लग्न झालेले असते, कुणाला नोकरी लागलेली असते, कुणी गाव बदललेले असते. संग्रहातल्या नोंदीत संमती कुणी, कशासाठी आणि कुठवर दिली हे लिहिलेले नसेल, तर तो व्हिडिओ काढणाऱ्या नव्या संपादकाला हे कळण्याचा कुठलाच मार्ग नसतो.